कपाटाचा मागचा कोपरा

श्रोतेहो, नमस्कार.

गौरी-गणपती जवळ आले की वडोदऱ्यातल्या मराठी घरांतली कपाटं रिकामी होऊ लागतात. शालू निघतो, जरीकाठाचं उपरणं निघतं, आणि नेमक्या त्याच वेळी मागून कुणीतरी ओरडतं, 'अगं, ही पर्स बघ, पांढरी पडलीये!' आज याच पांढऱ्या थराबद्दल बोलायचंय, आणि विशेष करून चामड्याच्या वस्तूंबद्दल, कारण पावसाळ्यात सगळ्यात आधी बुरशी धरतात त्याच.

दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरातलं उदाहरण सांगतो. आमच्या ओळखीच्या एक काकू तिथे राहतात. लोखंडी कपाट, पाठ बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटलेली, आणि भिंतीच्या पलीकडे अरुंद बोळ, जिथे ऊन पोहोचतच नाही. वरच्या खणातल्या साड्या ठीक होत्या. खालच्या खणात, मागच्या कोपऱ्यात ठेवलेल्या कोल्हापुरी चपला आणि लेदरची हँडबॅग मात्र बुरशीने भरलेली. काकूंचं म्हणणं, 'अरे, डांबराच्या गोळ्या तर चांगल्या मूठभर टाकल्या होत्या!'

तिथेच घोळ झाला. डांबराच्या गोळ्या कसरीसाठी असतात, बुरशीला त्या काही करत नाहीत. उलट त्यांच्या वासाखाली कुबट वास दबून जातो आणि कपाटात ओल शिरलीय हे आपल्याला कळतच नाही. लवंगा आणि कडुनिंबाचा पालाही याच पंगतीतले.

बुरशीचे बीजाणू हवेत असतातच, ते आपण हटवू शकत नाही. त्यांना हवं असतं खाणं आणि पाणी. खाणं म्हणजे चामड्यातलं तेल, हाताचा घाम, धूळ, साडीला घातलेली खळ. पाणी हवेतून मिळतं. हवा जेवढी वाफ धरू शकते त्यातली किती टक्के तिच्यात आहे, ती तिची सापेक्ष आर्द्रता. ती साधारण ६५ टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला फारसं वाढता येत नाही. ७५-८० च्या वर काही दिवस सलग गेले की ती उगवतेच. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. ते ओल चटकन धरतं, म्हणून तिच्यावर बुरशी आधी दिसते.

काकूंच्या कपाटात आम्ही एक छोटा आर्द्रतामापक ठेवला. काही शे रुपयांत मिळतो, आणि मला विचाराल तर कपाटात ठेवायच्या सगळ्या गोष्टींत हीच पहिली खरेदी. दारापाशी आकडा सत्तरीत होता, मागच्या खालच्या कोपऱ्यात ऐंशीच्या वर. कपाट एकच, पण भिंतीला टेकलेली पाठ गार राहते, आणि गार हवेत तेवढंच पाणी असलं तरी सापेक्ष आर्द्रता वाढते. हिशेब करून बघा: २८ अंश सेल्सिअसला ८५ टक्के असलेली हवा तशीच ३३ अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता ६४ टक्क्यांच्या आसपास येते. पाणी तेवढंच, धोका मात्र टळला.

म्हणून पहिलं काम साधं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचं आणि खाली लाकडी ठोकळे द्यायचे. दुसरं, चामड्याच्या वस्तू वरच्या खणात, पुढच्या बाजूला. तिसरं, खण ठासून भरू नका, हवा फिरायला जागा ठेवा.

कपाट उघडं कधी ठेवायचं, यातही चूक होते. सकाळी उठून दारं उघडायची आपली सवय असते, पण पावसाळ्यात सकाळची हवा सगळ्यात दमट. पाऊस थांबलेला असेल त्या दिवशी दुपारी एक ते चारच्या दरम्यान दारं उघडा, पंखा लावा. संततधार सुरू असताना दारं बंदच बरी. घरात एसी असेल तर तो ड्राय मोडवर लावून कपाट उघडं ठेवणं सगळ्यात चांगलं. पूर्वी लोक कपाटात बल्ब लावून ठेवायचे. शास्त्र बरोबर आहे, पण कपड्यांना चिकटलेला गरम बल्ब म्हणजे आगीला आमंत्रण. ते करू नका.

आता सिलिका जेल. बुटाच्या डब्यात सापडलेली ती बारीक पुडी कपाटात टाकून निश्चिंत होणारे बरेच भेटतात. पाच ग्रॅमच्या पुडीत जेमतेम दोन ग्रॅम पाणी मावतं, आणि हाती येईपर्यंत ती बहुधा भरलेलीच असते. शिवाय कपाटाच्या फटींतून दमट हवा येतच राहते. सिलिका जेल उपयोगी पडतं ते घट्ट झाकणाच्या डब्यात. चांगली बॅग पूर्ण कोरडी करून सुती कापडात गुंडाळा, डब्यात ठेवा आणि सोबत शंभरेक ग्रॅम नारिंगी दाण्यांचं सिलिका जेल ठेवा. दाणे हिरवट झाले की भरले. मग ओव्हनमध्ये १२० अंशांना दोनेक तास तापवले की पुन्हा कामाला लागतात. निळे दाणे असतील तर ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालू नका, त्यात कोबाल्ट असतं. बॅग ओलसर असताना डब्यात कोंडली, तर मात्र डबाच बुरशीचं घर होतो. प्लास्टिकच्या पिशवीचंही तेच, म्हणून ड्रायक्लीनिंगहून आलेल्या कपड्यांवरचं कव्हर आधी काढा. इस्त्री केलेले कपडेही लगेच आत ठेवू नका, वाफ जाऊ द्या. आणि पावसाळाभर ठेवायच्या सुती साडीला खळ घालूच नका.

बुटांचं वेगळं. दिवसभर घातलेला बूट आतून घामाने ओला असतो. पावसात भिजला नसला तरी तो तसाच बंद शू-रॅकमध्ये जायला नको. आतला तळवा बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोनेक तासांनी बोळे बदला, आणि रात्रभर पंख्याखाली राहू द्या. शक्य असेल तर तोच जोड लागोपाठ दोन दिवस घालू नका.

बुरशी आलीच तर? आधी खात्री करा की ती बुरशीच आहे. कधी कधी चामड्यातली चरबीच पृष्ठभागावर येऊन पांढरी पडते. हेअर ड्रायरची कोमट हवा द्या: पांढरेपणा विरघळून नाहीसा झाला तर ती चरबी. तसाच राहिला आणि कुबट वास असेल, तर बुरशी. अशी वस्तू गॅलरीत किंवा अंगणात न्या, तोंडाला मास्क बांधा आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडा. घरात झाडलीत तर बीजाणू सगळीकडे पसरतील. मग रबिंग अल्कोहोल आणि पाणी निम्मंनिम्मं घेऊन कापड नुसतं ओलसर करा आणि पुसा. रंग निघतो का ते आधी एखाद्या लपलेल्या कोपऱ्यावर बघून घ्या. मग सावलीत, पंख्याखाली सुकवा. कडक उन्हात चामडं तडकतं. सुती कपड्यांना ऊन चालेल, पण शालूला सावलीच.

काकूंच्या चपला या पद्धतीने स्वच्छ झाल्या. हँडबॅगेची मात्र वरची कातडी पापुद्र्यासारखी सुटत होती, हात लावला की चिकट. काकूंना वाटलं, बुरशीनेच खाल्ली. ती खरं तर लेदरची नव्हतीच, पीयूची, म्हणजे कृत्रिम चामड्याची होती. हवेतल्या ओलाव्याने पीयूचा थर हळूहळू आतून तुटत जातो, आणि एकदा सोलायला लागला की तो पुसून, पॉलिश करून परत येत नाही. अशी बॅग घेताना विकणारा 'लेदर' म्हणालाच, तर खिशाच्या आतली कापलेली कड बघा. खऱ्या चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, पीयूच्या कडेला कापडावर बसवलेला पातळ थर.