जीजाजींची राहिलेली ओळ

नमस्कार श्रोतेहो.

लग्नाच्या वाढदिवसाचा संदेश लिहायला बसलं की आपल्या हातून आधी लग्नपत्रिकेची भाषा उतरते. 'उभयतांना', 'सहजीवन', 'ईश्वरचरणी प्रार्थना'. एरवी ज्या मैत्रिणीला आपण 'काय गं, जिवंत आहेस ना?' असं विचारतो, तिच्याशी वर्षातला हा एक दिवस मात्र अगदी सोवळ्यात बोलतो. आपल्या इंदूरच्या मराठी घरांमध्ये तर याला आणखी एक पदर असतो. मैत्रीण मराठी, तिचा नवरा हिंदी घरातला. म्हणून वर मराठी मजकूर आणि खाली त्याचंच हिंदी, असा दुहेरी संदेश तयार होतो. त्या दुहेरी संदेशाबद्दलच आज बोलणार आहे, आणि एकाच संदेशाची गोष्ट जरा सविस्तर सांगणार आहे.

रामबागेत आमच्या शेजारी एक काकू राहतात. त्यांची शाळेपासूनची मैत्रीण मेलबर्नला मुलाकडे असते. तिचे यजमान मल्हारगंजातले, घरात माळवी-हिंदी बोलणारे. मराठी त्यांना कळतं, पण बोलताना अडतात, आणि लांबलचक मराठी वाचायचा कंटाळा करतात. ७ डिसेंबरला त्यांच्या लग्नाला ४० वर्षं पूर्ण होत होती. काकूंनी मजकूर लिहून मला दाखवायला आणला. 'तुम्हा उभयतांना लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आपले सहजीवन असेच सुखासमाधानाचे जावो.' आणि त्याखाली, 'आप दोनों को विवाह की चालीसवीं वर्षगाँठ की हार्दिक शुभकामनाएँ. आपका जीवन इसी प्रकार सुखमय रहे.'

यात चूक कुठलीच नव्हती. शुद्धलेखनसुद्धा बिनचूक. पण मी 'चाळिसाव्या' या शब्दावर अंगठा ठेवला आणि काकूंना विचारलं, आता हा मजकूर तुमच्या नणंदेला पाठवता येईल की नाही? येईल, म्हणाल्या. आणि बँकेतल्या साहेबांना? त्यांनाही येईल. अंगठ्याची ही परीक्षा मी नेहमी करते. नाव आणि आकडा झाकून मजकूर दुसऱ्या कुणालाही चालत असेल, तर तो अजून लिहायचा आहे असं समजावं.

दुसरी अडचण दुहेरीपणाची. मैत्रिणीला दोन्ही भाषा येतात, म्हणजे तिने तेच दोनदा वाचायचं. यजमान वरचं सोडून थेट खाली जाणार आणि त्यांच्या वाट्याला भाषांतर येणार. भाषांतर झालेली शुभेच्छा वाचणाऱ्याला कळते हो. हे मूळ माझ्यासाठी लिहिलेलंच नव्हतं, हे त्याला दुसऱ्या शब्दाला समजतं.

तेव्हा लिहिणं बाजूला ठेवून मी काकूंना लग्नातलं काय आठवतं ते विचारत बसले. सुरुवातीला तेच आलं, छान झालं लग्न, थंडी खूप होती, माणसं पुष्कळ होती. अशा उत्तरांवर थांबायचं नसतं. कोण कुठे बसलं होतं, कोण काय म्हणालं, कशाला हसलात, असं खोदत जावं लागतं. मग हळूहळू पंगत निघाली. नवरा-नवरीने एकमेकांना घास द्यायचा आणि नाव घ्यायचं. नवरीने घेतलं. मग सगळे नवरदेवाच्या मागे लागले, तेही मराठीतच हवं म्हणून. काकू मागे उभ्या होत्या, त्यांनी कानात उखाणा सांगितला. 'राजवाड्याच्या दारी चौघडा वाजतो छान,' आणि पुढे अमकीचं नाव घेतो, ठेवून सर्वांचा मान. नवरदेव मोठ्या आवाजात 'राजवाड्याच्या दारी' इथवर आले आणि थांबले. मागे काकूंकडे वळून पाहिलं आणि हात जोडून म्हणाले, 'आगे जो ये कह रही हैं, वही.' सगळी पंगत हसली. नवरीच्या हातातली जिलबी तशीच राहिली.

काकूंना हे सांगताना स्वतःलाच हसू आवरेना. मी म्हटलं, हा तुमचा संदेश. आणि तो कुठल्या भाषेत किती लिहायचा, तेही त्यातच ठरून गेलंय. मैत्रिणीचं जिलबी धरून थांबणं मराठीत घडलंय, ते तिला मराठीत सांगायचं. जीजाजींचं अडकणं हिंदीत सुटलं, त्यांच्याशी हिंदीत बोलायचं. दोन्ही मजकुरांत एकच प्रसंग असला तरी चालेल, पण प्रत्येकाला त्यात आपली बाजू मिळाली पाहिजे. हो, आपल्याकडे मैत्रिणीच्या नवऱ्याला जीजाजीच म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना ते जरा विचित्र वाटतं, वाटू दे.

काकूंनी मग लिहिलं ते असं. मराठीत, 'अगं, काल गराडू तळायला घेतले, जीरावन टाकलं आणि तुझी पंगत आठवली. तू जिलबी हातात धरून बसलेली आणि हे राजवाड्याच्या दारात उभे! हसू दाबून तुझे गाल कसे फुगले होते, ते मला अजून दिसतं. चाळीस वर्षं झाली गं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आता ट्रामच्या पायऱ्या चढतेस का? ते काही कळवलं नाहीस. दोघांनाही खूप खूप शुभेच्छा.'

आणि हिंदीत, 'जीजाजी, आपकी दूसरी लाइन चालीस साल से बाकी है. राजवाड्याच्या दारी के आगे क्या था, इस बार बोलकर भेजिए. पीछे से बताने के लिए मैं वहाँ नहीं हूँ, और इनसे पूछना मना है. शादी की सालगिरह बहुत-बहुत मुबारक.'

यात 'हार्दिक' नाही, 'उभयता' नाहीत, ईश्वरालाही त्रास दिलेला नाही. शुभेच्छा आहेत, पण शेवटी. सुरुवात शुभेच्छांनी केली की वाचणाऱ्याचा डोळा पुढे सरकतच नाही. त्या दिवशी त्याला तशीच वाक्यं ढिगाने आलेली असतात. गराडूने सुरुवात झाली की तो थांबतो.

गुडघ्याच्या ओळीबद्दलही सांगते. जुनी आठवण एकटीच असली की संदेश फोटोच्या अल्बमसारखा होतो, आपण अजूनही चाळीस वर्षांपूर्वीच्याच मैत्रिणीला लिहितोय असं वाटतं. आजच्या आयुष्यातली एक तरी बारीक गोष्ट हवी. तीही आपल्याला खरोखर ठाऊक असलेली. काकूंना ट्राम माहीत होती, कारण मैत्रीण फोनवर तिच्याबद्दल बोलली होती. माहीत नसेल तर 'तिकडे मस्त चाललं असेल' असं ठोकून देऊ नये. त्यापेक्षा सरळ विचारावं.

आता हिंदीच्या मजकुरात एक ठेच लागली होती. आपण मराठी माणसं 'तुम्ही' आदराने म्हणतो, आणि घाईत हिंदी लिहिताना त्याचं सहज 'तुम' होतं. काकूंनी पहिल्या खर्ड्यात 'तुम बोलकर भेजो' लिहिलं होतं. हिंदीतलं 'तुम' बरोबरीच्याला किंवा लहानाला. जीजाजींना 'आप'च हवं, आणि 'आप' आलं की क्रियापदही 'भेजिए' हवं. ते बदललं. दुसरी एक चूक मात्र मी हिंदीच्या एका जाणकारांशी भांडून ठेवायला तयार होते. काकूंनी आधी 'आपका आवाज सुनना है' असं लिहिलं होतं. मराठीत आवाज पुल्लिंगी, हिंदीत तो स्त्रीलिंगी, 'आपकी आवाज़'. पण काकू चाळीस वर्षं जीजाजींशी तशाच बोलत आल्या आहेत. ते वाक्य त्यांच्या तोंडचं वाटतं. पुढे ते वाक्य दुसऱ्याच कारणाने गळलं, पण राहिलं असतं तरी मी त्याला हात लावला नसता. अपमान होईल अशी चूक दुरुस्त करावी. जिच्यातून बोलणारा ओळखू येतो, ती राहू द्यावी.

वाढदिवसालाही हेच लागू पडतं. फक्त तिथे बहुधा माणूस एकच असतो, म्हणून दोन भाषा कशाला, असं वाटेल. पण दिल्लीच्या किंवा भोपाळच्या हिंदी मित्राला लिहिताना एक-दोन शब्द मराठीच ठेवावेत, जे तो आपल्या घरात शिकला असेल. आमच्या भावाचा एक मित्र लहानपणी आमच्याकडे येऊन आईला 'काकू, भूक लगी' म्हणायचा. त्याला भाऊ दर वाढदिवसाला हिंदीत चार ओळी लिहितो आणि शेवटी 'काकू विचारत होत्या, भूक लगी का' एवढं टाकतो. सगळा संदेश मराठीत असता, तर त्या मित्राने तो आधी मुलीकडून वाचून घेतला असता.

एक प्रसंग मात्र वेगळा. ज्या घरात त्या वर्षात कुणी गेलं असेल, तिथल्या वाढदिवसाला पंगतीतलं हसू चालत नाही. तिथे दोन ओळी, ज्या भाषेत तुम्ही एकमेकांचं सांत्वन केलंत त्याच भाषेत. गेलेल्या माणसाचा उल्लेख टाळू नये, पण उत्तर द्यावं लागेल असा प्रश्नही विचारू नये. 'आज तुझी आठवण आली, आईंची पण' एवढं पुरतं.

राहिली वेळ. काकूंचा हट्ट होता की रात्री बाराच्या ठोक्याला पाठवायचं. डिसेंबरात मेलबर्न आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं, कारण तिथे तेव्हा उन्हाळी वेळ चालू असते. आपल्या पावसाळ्यात तोच फरक साडेचार तासांचा होतो. म्हणजे आपले बारा वाजले की तिथे पहाटेचे साडेपाच. मैत्रिणीचा फोन उशाशी असतो. कॅलिफोर्नियाला तर हाच संदेश गेला असता, तर तिथे ६ तारखेचे सकाळचे साडेदहा वाजलेले असते, आणि आगाऊ शुभेच्छा मिळाल्या असत्या. घरात तिथीने वाढदिवस करत असाल, तर परदेशातल्याला शक्यतो तारखेनेच लिहा. तिथी सूर्योदयावरून धरतात आणि तिथला सूर्योदय वेगळा, त्यामुळे कधीकधी दिवसच बदलतो.

काकूंनी ७ तारखेला सकाळी सहाला, चहा झाल्यावर पाठवला. तिथे साडेअकरा वाजले होते, दोघंही जागी आणि घरातच. संध्याकाळपर्यंत जीजाजींचा आवाज आला. 'राजवाड्याच्या दारी' बरोबर म्हटलं, 'चौघडा'च्या जागी 'चौराहा' आला, आणि पुढे, 'बाकी अगले साल.'

नमस्कार.