पलंग हलतो कुठून?

श्रोतेहो, नमस्कार. गेल्या एप्रिलमध्ये जुळे सोलापुरातून एका वहिनींचा फोन आला. "मामा, पोरांसाठी वरखाली पलंग घेतलाय. रविवारी ह्यांनी आणि शेजारच्या भाऊजींनी मिळून जोडला. पण वर कुणी चढलं की बैलगाडीसारखा डुलतोय. बघून जाता का?" मी विचारलं, "पोरं झोपतात का त्याच्यावर?" त्या म्हणाल्या, "मोठा कालपासनं झोपतोय." म्हटलं, आज त्याला खाली झोपवा, मी सकाळी येतो.

मी पलंग, कपाटं जोडायचं काम करतो. बाकीच्या सामानात चूक झाली तर दार नीट लागत नाही किंवा खण अडकतो. या पलंगात मात्र पोरगं पाच फुटांवर झोपलेलं असतं. म्हणून आज याच एका कामाबद्दल बोलतो.

गेल्यावर मी पहिल्यांदा वरची फळी धरून लांबीच्या दिशेनं हलवली. पलंग चांगला दोन बोटं सरकला. लोक अशा वेळी पलंगाच्या वरच्या टोकाकडं बघतात आणि "हलतोय, हलतोय" म्हणतात. वर बघून काही कळत नाही. नजर सांध्यावर हवी. खांब आणि आडवी फळी जिथं भेटतात तिथं बोट अर्धं खांबावर, अर्धं फळीवर टेकवायचं आणि दुसऱ्याला पलंग हलवायला सांगायचा. सांधा घट्ट असेल तर बोटाखाली काही जाणवत नाही. ढिला असेल तर फट उघडते आणि मिटते, ते बोटाला लगेच समजतं. आठही सांध्यांवर मी असं बोट फिरवलं. सहा बरे होते, दोन ढिले, आणि दोन्ही शिडीच्या बाजूचे.

आता हे सांधे असतात कसे? या पलंगात दोन मजल्यांना मिळून चार लांब फळ्या होत्या आणि प्रत्येक टोकाला दोन बोल्ट, म्हणजे एकूण 16 बोल्ट. बोल्ट खांबातून आरपार येऊन फळीच्या टोकात शिरतो. फळीच्या पोटात एक आडवं भोक असतं, त्यात बोटाच्या पेराएवढा गोल नट बसवायचा. त्याला बॅरल नट म्हणतात. त्याच्या टोकावर स्क्रू ड्रायव्हरसाठी खाच असते. ही खाच बोल्टच्या रेषेत फिरवली की नटातलं आट्याचं भोक बोल्टच्या समोर येतं. खाच तिरकी राहिली तर बोल्ट नटाला नुसता घासतो, आटे धरत नाही. तसाच जोर लावला की आटे एकमेकांवर चढतात आणि मग नट गेलाच समजा.

त्या घरी नेमकं तेच झालं होतं. भाऊजींनी पहिला कोपरा आधी पूर्ण आवळला, मग दुसरा, मग तिसरा. चौथ्या कोपऱ्यात भोकं जुळेनात. तेव्हा ड्रिल मशीन लावून बोल्ट घुसवला. वरून बघितलं तर बोल्टचं डोकं लाकडाला टेकलेलं, पण आत नट आडवा झालेला. बाहेरून घट्ट दिसणारा बोल्ट आत काहीच धरत नव्हता. मी चावी लावल्यावर तो फिरतच राहिला. गोलगोल, न थांबता. असा फिरत राहणारा बोल्ट दिसला की अजून आवळू नका. काढा, नट बदला. हार्डवेअरच्या दुकानात नट मिळतो, फक्त जुना सोबत न्या, कारण आट्याचं माप जुळावं लागतं.

म्हणून जोडताना क्रम असा ठेवायचा. सगळे बोल्ट आधी हातानंच लावायचे, चार-पाच आटे बोटांनी फिरले पाहिजेत. बोटानं फिरत नसेल तर कुठंतरी तिरकं आहे, तिथंच थांबायचं. सोळाच्या सोळा लागले की पलंग भिंतीपासून लांब ओढून चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का बघायचं. सुताराचा गुण्या नसला तरी चालतं. सुतळी किंवा टेप घेऊन वरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे, म्हणजे एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. या पलंगाची चौकट बाहेरून 78 बाय 39 इंचांची, त्यामुळे दोन्ही कर्ण सव्वासत्त्याऐंशीच्या आसपास हवेत. इथं एक 87 पूर्णांक तीन चतुर्थांश भरला आणि दुसरा त्याहून इंचभर कमी. चौकट वाकडी होती आणि तशीच आवळून टाकलेली. मी सगळे बोल्ट सैल केले, लांब कर्णाचे दोन कोपरे दोघांनी मिळून आत दाबले, दोन्ही मापं जुळल्यावर थोडं थोडं आवळत गेलो. एका कोपऱ्यात अर्धा फेरा, मग तिरक्या समोरच्या कोपऱ्यात अर्धा. ड्रिल मशीन पिशवीतच राहिलं. शेवटचं आवळणं एल आकाराच्या चावीनं हातानंच करायचं. मशीनला लाकूड कुठं चिरडायला लागलं ते कळत नाही, मनगटाला कळतं.

एका सांध्याला दोन बोल्ट का, हे भाऊजींनी विचारलं होतं. त्यांनी दोन ठिकाणी एकेकच लावला होता, कारण दुसरा "सापडला नव्हता". एका बोल्टवर फळी खिळ्यावर टांगलेल्या चित्रासारखी गरगर फिरू शकते. दुसरा बोल्ट तिला फिरू देत नाही. लांबीच्या दिशेचा सगळा डुलणं-थांबवणं कारभार या जोडीवर चालतो. हरवलेले दोन्ही बोल्ट शेवटी खोक्याच्या घडीत सापडले.

बोल्ट झाले तरी पलंग अजून थोडा खडखडत होता, आणि याचं कारण खालची शहाबादी फरशी. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत फरशी एकसारखी नसते. चारही पायांखाली लग्नपत्रिकेचा जाड कागद सरकवून बघा. एका पायाखाली तो सहज गेला. तिथं आम्ही प्लायचा पातळ तुकडा कापून बसवला. वर्तमानपत्राची घडी घालू नका. आज बरोबर बसते, महिन्याभरात दबते आणि पलंग परत तीन पायांवर.

आता कठडा. लोक कठडा लाकडापासून मोजतात, मी गादीपासून मोजतो. इथं गादीखालच्या पट्ट्यांपासून कठड्याची वरची कड 11 इंच होती. वरच्या बेडला 5 इंचांपर्यंतचीच गादी घाला, असं कंपनीनं कागदावर लिहिलेलं. म्हणजे गादीवर 6 इंच कठडा उरतो, आणि निदान 5 इंच उरायलाच हवा. वहिनींनी मात्र 4 इंची काथ्याच्या गादीवर घरची कापसाची गादी टाकलेली. का, तर "पोराला टोचतंय". कापसाची गादी नुकती पिंजून आणलेली, चांगली फुगलेली, तीही 4 इंचांची. दोन्ही मिळून 8, वर उरले 3. झोपेत कूस बदलणारं पोरगं तीन इंचांवरून सहज पलीकडं जातं. आजींनी कुरकुर केली, पण कापसाची गादी खालच्या बेडवर आली.

कठड्याच्या फटींचंही माप आहे. दोन दांड्यांमध्ये, किंवा खालची दांडी आणि पट्ट्यांमध्ये, साडेतीन इंचांपेक्षा मोठी फट नको. झोपेत मुलाचं शरीर पायाकडून फटीत घसरतं, धड जातं आणि डोकं अडकतं. धड डोक्यापेक्षा चपटं असतं म्हणून हे होतं. जाड पुठ्ठा साडेतीन इंच रुंद कापा, प्रत्येक फटीत घालून बघा. सहज सरकला तर तिथं एक दांडी वाढवा. आणि भिंतीच्या बाजूलाही कठडा लावा. "भिंत आहे की," असं म्हणून दोन कठड्यांपैकी एक गच्चीवर ठेवलेला मी अनेक घरांत बघितलाय. पलंग भिंतीपासून हातभर सरकतो, आणि पोरगं त्या फटीत उतरतं. शिवाय तो कठडाही चौकटीला ताण देतो, तो काढला की पलंग जास्त डुलतो.

मुलांना चढवण्याआधी मी वरच्या पट्ट्यांवर ज्वारीची दोन पोती ठेवली, पंचवीस-पंचवीस किलोची, एक डोक्याकडं, एक पायाकडं. पंधरा मिनिटांनी परत आठही सांध्यांवर बोट फिरवलं. मग कठडा दोन्ही हातांनी बाहेर ओढला, अंग मागं टाकून. शिडी कंपनीनं आकड्यांवर नुसती टांगायला दिली होती, तिला दोन बोल्टनी बांधलं, आणि खालच्या पायरीवर स्वतः उभा राहिलो. त्याआधी कंपनीचा वजनाचा आकडा वाचला होता, तो तुम्हीही वाचा. जर माझ्यासारखं जड माणूस त्यात बसत नसेल तर पोतीच पुरेत.

पंख्याचं एक राहिलं. उन्हाळ्यात सोलापुरात पोरं वरच झोपायला भांडतात, पंखा जवळ म्हणून. झाडू हातात घेऊन वरच्या गादीवर बसा आणि हात लांब करा. झाडू पात्याला लागत असेल तर पलंगाची जागा बदला. इथं तो लागत होता. पलंग दुसऱ्या भिंतीला नेला, आणि वरच्यासाठी भिंतीचा छोटा पंखा.

धाकटा पाच वर्षांचा. त्याला वरच हवं होतं. सहा वर्षांखालच्या पोराला वर झोपवू नये, म्हणून तो चिडून खाली बसला. मग त्यानं घरची सोलापुरी चादर वरच्या कठड्याला दोन टोकं गाठ मारून बांधली आणि खाली तंबू केला. छान तंबू झाला होता. तरी मी ती सोडवली. कठड्याला बांधलेली ओढणी, दोरी, चादर यांचा झोका किंवा फास होतो, वरच्यालाही आणि खालच्यालाही. तो माझ्याकडं जी नजर टाकून गेला ती अजून आठवते.

आठ दिवसांनी मी परत गेलो. नव्या पलंगाचे बोल्ट पहिल्या आठवड्यात एकदा बघायचे असतात, कारण लाकूड दबतं. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी असते की लाकूड आकसतं, आणि बोल्ट स्वतः जागचा न हलता सैल होतो. म्हणून बोल्टच्या डोक्यावर पेन्सिलीची खूण करून तिच्या भरवशावर राहू नका, चावी लावूनच बघा. सोळापैकी तीन बोल्ट पाव फेरा आवळले गेले. तिन्ही शिडीच्या कोपऱ्यातले, कारण पोरं सारखी तिथूनच चढतात. ती चावी आम्ही खालच्या फळीच्या आतल्या बाजूला सुतळीनं बांधून ठेवली, पाऊस पडल्यावर वहिनींना परत लागेल म्हणून. नमस्कार.