३१ जानेवारी २०१८ चा भाव आणि बोनसचे शेअर्स
(जळगावातल्या एका व्याख्यानाचं शब्दांकन, बोली तशीच ठेवलीय)

बसा बसा, मागे उभे राहू नका भो, पुढच्या दोन रांगा रिकाम्याच आहेत. आज सगळा इन्कम टॅक्स घेऊन बसलो तर रात्रीचं भरीत थंड होईल, म्हणून एकच विषय घेतो. ज्यांच्याकडं २०१८ च्या आधीचे शेअर्स आहेत आणि मधल्या काळात कंपनीनं शेअर स्प्लिट केला, बोनस म्हणजे फुकटचे जादा शेअर्स दिले, त्यांनी विकताना नफा कसा मोजायचा. ऐकायला बारीक वाटतं, पण माझ्याकडं रिटर्न भरायला येणाऱ्या जुन्या गुंतवणूकदारांच्या कागदात सगळ्यात जास्त गडबड इथंच असते.

आधी हे आलं कुठून ते थोडक्यात. ऑक्टोबर २००४ पासून, एसटीटी म्हणजे शेअरच्या सौद्यावरचा टॅक्स आला तेव्हापासून, लिस्टेड शेअर वर्षभर ठेवून बाजारात विकला की नफ्यावर टॅक्स नव्हता. १ फेब्रुवारी २०१८ च्या बजेटमधे अरुण जेटलींनी ही माफी काढली आणि १ एप्रिल २०१८ पासूनच्या विक्रीला टॅक्स लावला, तेव्हा एक लाखाच्या वर १० टक्के. २३ जुलै २०२४ पासून तो साडेबारा टक्के झाला आणि माफीची मर्यादा सव्वा लाख. पण २०१८ साली प्रश्न असा होता की ज्यानं २००५ ला घेतला आणि बारा-तेरा वर्षं टॅक्स नाही म्हणून धरून ठेवला त्याचा आधीचा नफा एका रात्रीत कसा काय टॅक्समधे ओढायचा? म्हणून बजेटच्या आदल्या दिवशी, ३१ जानेवारी २०१८ ला, रेघ मारली. त्या दिवसापर्यंत वाढलेलं तुमचं, पुढं वाढेल त्यावर टॅक्स. ह्यालाच सगळे ग्रँडफादरिंग म्हणतात.

आता कायद्यात हे असं सरळ लिहिलेलं नाहीये, तिथं दोन पायऱ्या आहेत आणि त्या ह्याच क्रमानं करायच्या. पहिली पायरी, ३१ जानेवारी २०१८ चा भाव, ज्याला ब्रोकरच्या स्टेटमेंटवर एफएमव्ही लिहितात, आणि तुमची विक्रीची किंमत, ह्यातला कमी आकडा घ्या. दुसरी पायरी, तो कमी आकडा आणि तुमची खरी खरेदी किंमत, ह्यातला जास्त आकडा घ्या. तो झाला तुमचा कॉस्ट. विक्रीतून तो वजा केला की नफा.

पहिल्या पायरीत "कमी" का ठेवलंय ते समजून घ्या, नाहीतर पाठांतर होईल आणि घरी जाईपर्यंत विसराल. समजा २०१८ ला भाव १८० होता आणि आज तुम्ही १५० ला विकला, खरेदी २४ ची. नुसता १८० कॉस्ट धरला असता तर कागदावर ३० चा तोटा दिसला असता, प्रत्यक्षात तुम्ही तर २४ चे १५० केलेत. असा खोटा तोटा दुसऱ्या नफ्यातून वळता करता येऊ नये म्हणून कॉस्ट १५० वरच थांबतो, नफा शून्य, तोटाही शून्य. आणि २४ चा शेअर खरंच २० ला विकावा लागला तर? मग दुसऱ्या पायरीत २४ जास्त येतो, ४ चा तोटा खरा आहे, तो मिळतो.

आणि एफएमव्ही म्हणजे त्या दिवसाचा बंद भाव नाही बरं का! त्या दिवशी एक्स्चेंजवर लागलेला सगळ्यात वरचा भाव, म्हणजे एक्स्चेंजच्या रोजच्या भावांच्या यादीत, भावकॉपीत, HIGH कॉलममधे असतो तो. त्या दिवशी शेअरमधे सौदाच झाला नसेल तर त्याच्या आधी ज्या दिवशी झाला त्या दिवसाचा वरचा भाव. म्युच्युअल फंडाला मात्र वरचा-खालचा प्रकार नसतो, ३१ जानेवारीची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, घ्यायची, संपलं.

आता हिशोब करू. एक रिटायर्ड गुरुजी आहेत चाळीसगावकडचे, त्यांची केस आहे, आकडे मी सोपे केलेत. कंपनीचं नाव विचारू नका, लगेच घ्यायला निघाल. २००९ ला त्यांनी २०० शेअर्स घेतले १२० रुपयानं, म्हणजे २४,००० लावले. ३१ जानेवारी २०१८ ला वरचा भाव ९००. २०२१ ला कंपनीनं शेअर स्प्लिट केला, एकाचे पाच, झाले १,०००. मग २०२३ ला एकास एक बोनस, झाले २,०००. आता ह्या वर्षी, २०२५-२६ मधे, त्यांनी सगळे २१० रुपयानं विकले, आले ४,२०,०००. ब्रोकरेज वगैरे सोडून द्या.

गुरुजींना वाटत होतं की आपले सगळे २,००० शेअर्स "जुनेच" आहेत. तिथंच फसगत होते. स्प्लिटमधे नवीन काही मिळत नाही, तोच शेअर पाच तुकड्यात मिळतो, म्हणून खरेदीची तारीख २००९ च राहते आणि किंमत, एफएमव्ही दोन्हीला पाचनं भागायचं. खरेदी २४, एफएमव्ही १८०. पण बोनसचा शेअर हा नवीन शेअर धरतात, तारीख २०२३ ची आणि कॉस्ट शून्य. ३१ जानेवारी २०१८ ला तो जन्मालाच आला नव्हता, मग त्याला त्या दिवसाचा भाव कुठून मिळणार? तोच बोनस २०१५ ला आला असता तर त्यालाही एफएमव्ही मिळाला असता, खरेदी शून्य असली तरी. म्हणजे बोनसची तारीख रेघेच्या अलीकडं की पलीकडं, एवढ्यावर सगळं फिरतं.

तर जुने १,०००: विक्री २,१०,०००. एफएमव्ही १,८०,०००. दोन्हीत कमी १,८०,०००, खरेदी २४,००० पेक्षा तो जास्त, म्हणून कॉस्ट १,८०,०००, नफा ३०,०००. बोनसचे १,०००: विक्री २,१०,०००, कॉस्ट शून्य, नफा २,१०,०००. एकूण २,४०,०००. सव्वा लाख सोडले, उरले १,१५,०००, त्यावर साडेबारा टक्के १४,३७५, वर ४ टक्के सेस ५७५, एकूण १४,९५०.

इथं एकानं मला मागं विचारलं होतं की भाऊ, बोनस आल्यावर भाव अर्धा होतो, मग जुन्या शेअरचा एफएमव्ही पण अर्धा करून उरलेला बोनसला द्यायचा का? नाही. जुन्याचा १८० पूर्ण जुन्याकडंच राहतो. पण त्यात एक टोचणारी गोष्ट आहे, विक्री १५० नं झाली असती तर जुन्याला १८० पैकी १५० च वापरता आले असते आणि वरचे ३० वाया, ते बोनसकडं सरकत नाहीत. बोनसवर पूर्ण १५० नफा. मला विचाराल तर हे गुंतवणूकदारावर थोडं अन्यायाचंच आहे, कारण बोनसमुळं तुमची श्रीमंती काही वाढत नाही, पण नियम असा आहे.

आता स्टेटमेंट कुठं चुकतं ते. गुरुजींचे शेअर्स आधी एका ब्रोकरकडं होते, मग मुलानं दुसऱ्या ॲपवर हलवले. नव्या ॲपला जुनी खरेदी माहितीच नसते, तिथं कॉस्ट शून्य किंवा हलवल्याच्या दिवसाचा भाव दिसतो. दुसरं म्हणजे, स्प्लिट झाला की शेअरचा आयएसआयएन, म्हणजे ओळख नंबर, बदलतो, आणि हा नवा नंबर २०१८ ला अस्तित्वातच नव्हता, त्यामुळं सॉफ्टवेअरला एफएमव्ही सापडत नाही, किंवा जुन्या नंबरचा ९०० जसाच्या तसा येऊन बसतो. ओळखायचं कसं? स्टेटमेंटमधला एफएमव्ही विक्रीच्या भावाच्या चार-पाच पट दिसला तर आधी स्प्लिट तपासा. ९०० धरला की जुन्या शेअरवर नफा शून्य दिसतो, ३०,००० गायब. आणि सगळ्या २,००० ला १८० लावला तर एकूण नफा ६०,००० च दिसतो, टॅक्स शून्य, बघणारा खूश! पुढं नोटीस आली की खुशी उतरते. उलट एफएमव्ही लावलाच नाही तर नफा ३,९६,००० आणि टॅक्स सेससकट ३५,२३०. म्हणजे वीस हजाराच्या वर फुकट भरले.

म्हणून डीमॅटचं ट्रान्झॅक्शन स्टेटमेंट काढा, त्यात बोनस कधी जमा झाला ती तारीख असते. रिटर्नमधे शेड्यूल ११२ए आहे, तिथं पहिल्याच कॉलमात विचारतात, शेअर ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेला की नंतरचा. गुरुजींच्या एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी विकलेल्या शेअर्सच्या दोन ओळी होतात. जुन्यांची ओळ वेगळी भरायची, एफएमव्ही टाकून, आणि बोनसचे "नंतरचे" म्हणून.

प्रश्न, बोला आप्पा. ...हां, आप्पा विचारतायत की आधी बोनसचे विकले असं दाखवता येतं का, किंवा आधी जुने. आपल्याला निवडता येत नाही, डीमॅटमधे आधी आलेले आधी गेले असं धरतात. त्यामुळं जुने १,००० आधी जाणार, ते गुरुजींच्या फायद्याचंच होतं. कारण आता बघा, त्यांनी सगळे एकदम विकले, पण थोडं थांबले असते तर? मार्चपर्यंत जुने १,००० आणि बोनसचे ४५२ विकायचे. जुन्यांचा नफा ३०,०००, बोनसचा ९४,९२०, बेरीज १,२४,९२०, सव्वा लाखाच्या आत. उरलेले ५४८ एप्रिलमधे, भाव तोच राहिला तर नफा १,१५,०८०, पुढच्या वर्षाच्या सव्वा लाखात बसतो. टॅक्स दोन्ही वर्षी शून्य. अर्थात वर्षात दुसरीकडं कुठं असाच नफा झाला नसेल तर, आणि भाव मधे पडला नाही तर. १४,९५० वाचवायला थांबलात आणि शेअर ३० रुपये खाली आला तर ५४८ गुणिले ३०, सोळा हजाराच्या वर गेले. तो जुगार ज्याचा त्यानं ठरवायचा.

ताई, तुमचं? ...३१ मार्चला विकले आणि पैसे एप्रिलमधे आले तर कुठलं वर्ष? काँट्रॅक्ट नोटवर जी तारीख आहे तीच विक्रीची तारीख, पैसे कधी आले ते बघत नाहीत. म्हणजे ३१ मार्चला मार्केट चालू असेल आणि सौदा झाला तर तो ह्याच वर्षात. पण शेवटच्या दिवसावर ठेवू नका, ३१ मार्चला सुट्टी पण निघते.