पेजमेकरमध्ये अडकलेली मराठी
(कोल्हापुरातील छपाई व्यावसायिक आणि ग्रंथालय कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय जुन्या फायलींचा आहे. वर्डस्टार, लोटस, वर्डपरफेक्ट असं बरंच काही त्यात येतं, पण मी आज एकाच जातीच्या फायलीबद्दल बोलणार आहे. कोल्हापुरात ज्याच्याकडे छापखाना होता, त्याच्याकडे ती हमखास सापडते. पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेली, जुन्या फॉन्टमधली मराठी फाईल.

उदाहरण समोर ठेवूनच बोलतो. एका दूध संस्थेची १९९९ सालची स्मरणिका. छापील प्रतींपैकी एकच उरली होती. २०१९ च्या पुरात भिजलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. बाकी होती ती एक सीडी आणि तिच्यावर ‘smaranika.p65’ नावाची फाईल. संस्थेच्या सचिवांनी ती दोन-तीन ठिकाणी दाखवली होती. एकानं सांगितलं, उघडतच नाही. दुसऱ्यानं कशीबशी उघडली आणि म्हणाला, “फाईल गेली ओ, नुसता कचरा दिसतोय.” फाईल ठणठणीत होती. दोघंही एकेका पायरीवर थांबले होते, एवढंच.

पहिली पायरी फाईलच्या साच्याची. पेजमेकर १९८५ मध्ये आल्डस कंपनीनं आणलं. १९९४ मध्ये ते अडोबीकडे गेलं आणि २००१ ची ७.० ही त्याची शेवटची मोठी आवृत्ती. शेपटावरून आवृत्ती कळते: ‘.pm5’, ‘.pm6’, ‘.p65’ आणि शेवटची ‘.pmd’. पण शेपटावर विसंबू नका, नाव कुणीही बदलतं. फाईलचे पहिले आठ बाइट बघा. हेक्स एडिटर फाईलचे बाइट जसेच्या तसे दाखवतो. त्यात 6.5 ची फाईल अशी सुरू होते:

```
D0 CF 11 E0 A1 B1 1A E1
```

आता गंमत बघा. जुन्या वर्डच्या ‘.doc’ची आणि एक्सेलच्या ‘.xls’ची सुरुवातही हीच. हा मायक्रोसॉफ्टचा एक डबा आहे आणि त्याच्या आत वेगवेगळे कप्पे असतात. त्यामुळे काही मंडळी शेपूट बदलून ‘.doc’ करतात आणि वर्डमध्ये उघडायला जातात. डबा तोच असला तरी आतला माल वेगळा, वर्डला तो वाचता येत नाही. पण हे आठ बाइट जागच्या जागी दिसले, तर फाईलचं तोंड तरी शाबूत आहे, एवढा दिलासा मिळतो. तिथं सगळी शून्यं असतील तर सीडीवरून नकलताना काहीतरी बिनसलंय. मग दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा नक्कल घ्या.

पुढे दोन वाटा आहेत. पहिली फुकटची. लिबरऑफिसमध्ये २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकर ६ ते ७ च्या फायली वाचायची सोय आली. ती ड्रॉमध्ये उघडते, रायटरमध्ये नाही. चित्रं आणि मांडणी विस्कटते, पण मजकूर बहुतेक वेळा हाती लागतो. आदेश एका ओळीचा:

```
soffice --headless --convert-to fodg smaranika.p65
```

‘fodg’ म्हणजे साधी एक्सएमएल फाईल. नोटपॅडमध्येही उघडून मजकूर बघता येतो.

दुसरी वाट अडोबीच्याच इनडिझाइनची. सध्याचं इनडिझाइन पेजमेकरची फाईल घेत नाही. सीएस६ ही शेवटची आवृत्ती जी ६.० ते ७.० च्या फायली घेते. ज्याच्याकडे तिचा परवाना आणि जुनं मशीन शिल्लक आहे, त्यानं ते भंगारात घालू नये. तिथं उघडायचं आणि आयडीएमएल म्हणून बाहेर काढायचं. आयडीएमएल ही आतून झिप असते. ती सोडली की ‘Stories’ नावाच्या फोल्डरमध्ये सगळा मजकूर मिळतो, आणि कुठला तुकडा कुठल्या फॉन्टमध्ये आहे हेही शेजारीच लिहिलेलं असतं. ही फॉन्टची नोंद सोन्याहून महाग आहे, का ते पुढे येईल. ५.० च्या फायली असतील तर आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज एक्सपी घालून, त्यात पेजमेकर ७ चढवून, नव्या आवृत्तीत सेव्ह कराव्या लागतात.

आमची स्मरणिका उघडली. पहिल्या पानावर होतं: `dksYgkiwj`. हाच तो ‘कचरा’, आणि हीच दुसरी पायरी.

खराब झालेला मजकूर आणि न समजलेला मजकूर यांतला फरक नजरेनं ओळखता येतो. शब्दांच्या लांबीएवढे तुकडे पडलेत का, मधे नीट मोकळ्या जागा आहेत का, आणि एखादं अक्षर सतत डोकं वर काढतंय का, हे बघायचं. आमच्या मजकुरात `k` जिकडेतिकडे होता. कृतिदेव फॉन्टमध्ये `k` म्हणजे काना, आणि मराठीचं कान्याशिवाय पान हलत नाही. खरोखर बिघडलेल्या फाईलमध्ये अशी शिस्त नसते.

त्या काळी झालं होतं असं. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारा युनिकोड आपल्या टेबलावर पोचायचा होता. फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागीच देवनागरीचे आकार बसवले. संगणकाच्या लेखी तिथं `d` आहे, फॉन्टनं त्याला ‘क’चं चित्र दिलंय. फॉन्ट काढून घेतला की चित्र गेलं, `d` उरला. आणि प्रत्येक कंपनीची वाटणी निराळी. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, प्रत्येकाचा तक्ता वेगळा. म्हणून रूपांतराआधी फॉन्टचं नाव कळलंच पाहिजे. `dksYgkiwj` तक्त्याला लावून बघा: `d` क, `ks` ओकार, `Y` अर्धा ल, `g` ह, `k` काना, `i` प, `w` दीर्घ ऊकार, `j` र. कोल्हापूर.

इथपर्यंत अक्षराला अक्षर जुळतं. खरी कसरत ‘कार्तिक’ला होते. कृतिदेवमध्ये तो `dkfrZd` असा साठवलाय, कारण टाइपरायटरवर जसा डावीकडून उजवीकडे उमटला तसाच तो ठेवला गेला. पहिली वेलांटी `f` ही ‘त’च्या आधी, आणि रफार `Z` हा ‘त’च्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. आधी र आणि हलन्त, मग त, मग वेलांटी. म्हणजे नुसती अक्षरं बदलून भागत नाही. एकाला उचलून मागं न्यायचं, दुसऱ्याला पुढं आणायचं. साधी अक्षरं बदलून झाल्यावर उरलेलं काम पायथनमध्ये एवढंच:

```python
import re
s = "काfतZक"
g = r"(?:[क-ह]\u094d)*[क-ह]"
s = re.sub("f(" + g + ")", "\\1\u093f", s)
s = re.sub("(" + g + "[\u093e-\u094c\u0902]*)Z", "\u0930\u094d\\1", s)
print(s)
```

`g` म्हणजे एक पूर्ण अक्षर, जोडाक्षर असलं तरी सबंध. तो सबंध धरला नाही तर वेलांटी अर्ध्या अक्षरावरच जाऊन बसते. वेलांटी आधी हलवायची आणि रफार नंतर, हा क्रमही पाळायचा, कारण रफाराला आपल्या अक्षराची वेलांटीसुद्धा ओलांडून जायचं असतं.

अजून एक खाचखळगा. कृतिदेवमध्ये ‘भ’ हे एक अक्षरच नाही. `H` हा अर्धा भ, आणि त्याला `k` हा काना जोडला की पूर्ण भ. ख, श, ण, ध यांचंही तेच. तक्त्यात `Hk` ही जोडी `k`च्या आधी घेतली नाही, तर निकालात हलन्ताला काना चिकटतो. मराठीत हलन्तानंतर कधीच काना येत नाही. म्हणून रूपांतर झालं की सर्वात आधी हा शोध घ्या:

```
\u094d[\u093e-\u094c]
```

काही सापडलं तर तक्त्यात गडबड आहे. मजकूर हातानं दुरुस्त करत बसू नका, तक्ता सुधारा आणि मूळ फाईलवरून पुन्हा चालवा.

पण यंत्राला न सापडणारी एक चूक आहे. इंटरनेटवर मिळणारे बरेचसे कृतिदेवचे कन्व्हर्टर हिंदीसाठी केलेले आहेत. आपला ‘ऱ्य’ हिंदीला लागत नाही. त्यामुळे ‘शेतकऱ्यांनी’चं ‘शेतकर्यांनी’ होतं, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’. हे निदान डोळ्याला खटकतं. स्मरणिकेतल्या एका लेखात पन्हाळ्याभोवतालच्या दऱ्यांचं वर्णन होतं, त्यात ‘दऱ्या’चा सरळ ‘दर्या’ झाला. शब्द बरोबर, स्पेलचेकरही गप्प, आणि पन्हाळ्याखाली समुद्र. यावर उपाय म्हणजे फॉन्टमध्ये त्या आकाराची जागा शोधून ती तक्त्यात वेगळी घालणं. मगच ‘र्य’ आणि ‘र्ह’ असलेले सगळे शब्द काढून माणसानं वाचायचे. ‘आचार्य’ तसाच ठेवायचा, ‘तऱ्हा’ दुरुस्त करायची.

फॉन्टच्या नोंदीबद्दल मघाशी बोललो. स्मरणिकेत जाहिराती होत्या, त्यांत इंग्रजी नावं आणि पत्ते. त्या तुकड्यांचा फॉन्ट टाइम्स. फॉन्टची नोंद टाकून सगळा मजकूर एकगठ्ठा कन्व्हर्टरमध्ये ओतला तर इंग्रजी ‘Road’चीही मराठी अक्षरं होतात, आणि ती परत ओळखू येत नाहीत. म्हणून आयडीएमएलमधून फक्त कृतिदेवचे तुकडे उचलायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

आणि कृपा करून हा कच्चा मजकूर वर्डमध्ये घेऊन त्यात टाइप करत दुरुस्त्या करू नका. वर्ड त्याला इंग्रजी समजतो. टाइप करताना वाक्याच्या सुरुवातीचा `d` मोठा करून `D` करतो, आणि कृतिदेवमध्ये `D` म्हणजे अर्धा क. सरळ अवतरणचिन्हाचं तो वळणदार करतो. `'k` म्हणजे ‘श’, त्यातलं ते सरळ चिन्ह गेलं की ‘श’ही गेला. साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच काम करा.

एकानं आत्ता विचारलं, एवढी यातायात कशाला, जुन्या मशीनवरून पीडीएफ काढली की झालं ना? पीडीएफ जरूर काढा, फॉन्ट आत घालून. मूळ पान कसं होतं हे तिच्यातच टिकतं, कारण रूपांतरात ओळी सरकतात. पण अशा पीडीएफमध्ये ‘कोल्हापूर’ शोधलं तर काहीही सापडत नाही, तिच्या पोटात `dksYgkiwj`च असतं. म्हणून दोन्ही लागतात: बघायला पीडीएफ, शोधायला युनिकोड.

आणि ठेवायचं काय? मूळ ‘.p65’ न बदलता, तिच्या शेजारी फॉन्टची ‘.ttf’ फाईल आणि तुम्ही वापरलेला तक्ता. चित्रांचं फोल्डर सापडलं तर तेही, कारण मोठी चित्रं पेजमेकर बऱ्याचदा बाहेरच ठेवतो आणि फाईलमध्ये फक्त एक अंधुक नमुना असतो. आमच्या स्मरणिकेत अध्यक्षांचा फोटो असाच अंधुक निघाला. मूळ स्कॅन कुठल्या तरी दुसऱ्या सीडीवर असणार, सचिव अजून शोधतायत.