आठ भोकं आणि साडेबावीस अंश

(दादरला डिप्लोमाच्या मुलांसमोर झालेलं बोलणं, थोडं साफ करून)

बसा बसा, मागे उभे राहू नका, पुढे खुर्च्या आहेत. गाड्या लेट आहेत म्हणून अर्धे लोक अजून यायचेत, पण आपण सुरू करू.

आज एकच जॉइंट घेणार आहे. चार इंची पाइप, क्लास १५०, दोन फ्लँज, मध्ये गॅस्केट, आठ बोल्ट. तुम्ही म्हणाल यात काय आहे, दोन चकत्या आणि आठ भोकं, अर्ध्या तासात मॉडेल होतं. होतं ना. माझंही झालं होतं, आणि साइटवर एकही बोल्ट गेला नाही. तीच गोष्ट सांगते, कारण चूक भोकाच्या मापात नव्हतीच, सगळी मापं बरोबर होती.

आधी मापं बघून घ्या, टेबलमधून. बाहेरचा व्यास साधारण २२९ मिमी, पीसीडी म्हणजे भोकांच्या सेंटरमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १९०.५, भोकं आठ, प्रत्येकी १९ मिमीचं, बोल्ट पाच अष्टमांश इंची म्हणजे १५.९ मिमी. हे ASME B16.5 मध्ये आहे, पाठ करायची गरज नाही, मला रोज बघून बघून झालंय. पण एक गोष्ट टेबलच्या आकड्यांत नाही दिसत, ती खाली बारीक अक्षरात असते, आणि नवीन मुलगा ती वाचत नाही. भोकं सेंटरलाइनवर येत नाहीत. सेंटरलाइनच्या दोन बाजूंना येतात, म्हणजे वरून बघितलं तर अगदी वर भोक नाही, वर दोन भोकांच्या मधली जागा आहे. याला स्ट्रॅडल म्हणतात.

का? फिटरला विचारा. पाइपला फ्लँज टॅक करताना, म्हणजे वेल्डच्या ठिपक्यांनी अडकवताना, तो वरच्या दोन भोकांत दोन पिना घालतो आणि त्यांच्यावर स्पिरिट लेव्हल आडवी ठेवतो. बुडबुडा मध्ये आला की फ्लँज सरळ. भोक अगदी वर असतं तर लेव्हल ठेवणार कशावर? सगळीकडे हीच पद्धत म्हणून पंपाचा नोझल कुठूनही येऊ दे, व्हॉल्व्ह कुठूनही येऊ दे, भोकं जुळतात.

आता मॉडेलमध्ये काय होतं बघा. आपण स्केच उघडतो, पीसीडीचं वर्तुळ काढतो, पहिलं भोक कुठे ठेवायचं? माउस आपोआप उभ्या रेषेवर जातो, तिथे चिकटतो, क्लिक. मग `Circular Pattern`, आठ, ३६०, ओके. एकदम सुंदर फ्लँज तयार. आणि साडेबावीस अंश चुकलेला. आठ भोकांमध्ये ४५ अंशांचं अंतर, त्याचा अर्धा साडेबावीस, पहिलं भोक तिथे पाहिजे. चार भोकं असतील तर ४५, बारा असतील तर १५. सूत्र एवढंच, १८० भागिले भोकांची संख्या. त्या कोनाची एक कन्स्ट्रक्शन लाइन काढा, भोक तिच्यावर ठेवा, आणि मग पॅटर्न.

माझ्या केसमध्ये ऑफिसच्या लायब्ररीतली फ्लँजची फाइल अशीच चुकलेली होती. कोणी कधी केली माहीत नाही, पण पाच वर्षं वापरात होती. मग एवढी वर्षं गडबड का नाही झाली? कारण दोन्ही बाजूंना तीच फाइल लावली की भोकं आपसात जुळतात! चूक चुकीला जुळते. सरळ पाइप असेल तर वेल्डर काय, पूर्ण तुकडा साडेबावीस अंश फिरवून लावतो, कोणाला काही कळत नाही. माझ्या स्पूलमध्ये, म्हणजे टोकांना फ्लँज लावलेल्या पाइपच्या तुकड्यात, ९० अंशांचा एल्बो होता. एक टोक पंपाच्या नोझलला, दुसरं वर हेडरला. एल्बो असेल तर फिरवायला जागा कुठे आहे?

पंपाचं मॉडेल कंपनीकडून आलेलं, त्यात भोकं बरोबर स्ट्रॅडल. मी असेंब्लीत स्पूल आणला, फेसला फेस लावला, `Concentric` लावलं, आणि फिरणं बंद करायला एका भोकाला दुसऱ्या भोकाशी `Concentric` करायला गेले तर लाल, ओव्हर डिफाइन. कारण हेडरच्या टोकाला स्पूल आधीच बांधलेला होता. आता इथे मी थांबायला पाहिजे होतं. पण रात्रीचे साडेआठ, मला शेवटची फास्ट पकडायची होती, तर मी तो मेट, म्हणजे भोकाला भोक जुळवायची ती अट, सप्रेस केला आणि प्लेन पॅरलल करून टाकले. लाल गेलं. आठ बोल्ट ठेवले, ते माझ्या फ्लँजच्या भोकांवरून पॅटर्न केले, म्हणजे `Pattern Driven Component Pattern`, एक ठेवला की बाकीचे सात आपोआप. हे बोल्ट माझ्या फ्लँजमधून बरोबर गेले आणि पंपाच्या फ्लँजमध्ये भोक नसलेल्या जागी लोखंडातून आरपार गेले. स्क्रीनवर दिसतं का? नाही. बाहेरून नट दिसतो, बोल्टचं डोकं दिसतं, आत काय चाललंय ते फ्लँज झाकून टाकतो.

कोणीतरी विचारलं, मॅडम `Interference Detection` नाही चालवलं? चालवलं होतं हो. तीनशेच्या वर एंट्री आल्या. त्यातल्या बहुतेक सगळ्या बोल्ट आणि नटच्या, कारण बोल्ट पूर्ण व्यासाचा गुळगुळीत दांडा आणि नटचं भोक थ्रेडच्या आतल्या मापाचं, त्यामुळे प्रत्येक नट प्रत्येक बोल्टला नडतो. ते खोटं नडणं. त्या ढिगाऱ्यात माझ्या आठ खऱ्या एंट्री होत्या आणि मी यादी बघून बंद केली. तेव्हापासून मी काय करते, चेक करताना नट लपवते आणि फक्त बोल्ट, दोन फ्लँज, गॅस्केट निवडते. मग यादी रिकामीच पाहिजे. एक जरी ओळ आली तर तिला क्लिक करून बघायचं.

आणि दुसरी सवय, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. फिरणं कधीच भोकाने लॉक करायचं नाही. भोकाने लॉक केलं की सॉफ्टवेअर फ्लँज फिरवून तुम्हाला जुळवून देतं, आणि मग तुम्हाला कळतच नाही की जुळत नव्हतं. फिरणं लॉक करायचं मधल्या प्लेनने, उभ्या सेंटरलाइनच्या प्लेनने, जशी फिटरची लेव्हल करते तशी. भोकं मोकळी सोडायची, आणि मग भोकं जुळलीत का ते *तपासायचं*. म्हणजे फ्लँज जागेवर बसवणारा एक आणि तो बरोबर बसलाय का सांगणारा दुसरा.

साइटवर काय झालं ते सांगते. फिटरने स्पूल चेनपुलीने उचलून नोझलसमोर आणला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ताई, हे बघा. माझ्या भोकासमोर पंपाच्या फ्लँजचं अखंड लोखंड. साडेबावीस अंश म्हणजे पीसीडीवर ३७ मिमी. बोल्ट १६ चा. आत बघायला डोळा लावला तरी पलीकडचा उजेड नाही.

चूक चालते किती, तर ती पण ऐका, कारण आकडा छान आहे. पाइपिंगच्या कोडमध्ये, B31.3 मध्ये, समोरासमोरच्या भोकांचा फरक जास्तीत जास्त ३ मिमी. का तीन? भोक १९.०५, त्यातून ३ सरकलं तर दोघांत आरपार उरलेली जागा १६.०५, आणि बोल्ट १५.९. जेमतेम जातो! आता हे ३ मिमी पाइपवर किती होतं ते काढा. पीसीडीवर ३ मिमी म्हणजे १.८ अंश. चार इंची पाइपचा बाहेरचा व्यास ११४.३ मिमी, परीघ ३५९ मिमी, म्हणजे एक अंशाला जवळजवळ बरोबर एक मिमी. योगायोग आहे, पण चार इंचीवर काम करणाऱ्याने हा लक्षात ठेवावा. तर फिटरला टॅक करताना पाइपच्या अंगावर दोन मिमीच्या आत राहायचंय. खडूची रेघच दोन मिमी जाड असते.

आमच्या फिटरने हेच केलं. फ्लँज वेल्डपाशी कापला, पाइपवर पत्र्याची पट्टी गुंडाळली, साडेबावीस मिमी मोजून खूण केली आणि फिरवला. मी कोन सांगेपर्यंत त्याने माप घेतलं होतं. पण कापलं म्हणजे लांबी गेली, मग एक तुकडा जोडावा लागला, म्हणजे आणखी एक जॉइंट, पुन्हा टेस्ट, दोन दिवस गेले.

गॅस्केटचं थोडक्यात. मॉडेल करताना तो जॉइंटमधला खरा पार्ट समजून करा, फेसमध्ये घुसवलेली चकती नको. तीन मिमीची शीट असेल तर फ्लँजमध्ये अंतर तीन, नाहीतर पूर्ण लाइनची लांबी तेवढ्याने चुकते, आणि दहा जॉइंट असले की ३० मिमी. स्पायरल वाउंड साडेचारचा असतो आणि दाबल्यावर सव्वातीनच्या आसपास येतो, मॉडेलमध्ये दाबलेला ठेवा. शीटचा रिंग गॅस्केट बोल्टच्या आत बसतो, बाहेरचा व्यास साधारण १७४.६. पीसीडीतून बोल्ट वजा करा, १९०.५ वजा १५.९. म्हणजे गॅस्केटची कड आठही बोल्टना टेकते आणि तो आपोआप मध्ये बसतो. मॉडेलमध्ये तो बोल्टमध्ये घुसला किंवा बाजूला मोकळा राहिला तर पीसीडी किंवा बोल्ट कुठेतरी चुकलाय. फुकटातला चेक आहे. फुल फेस गॅस्केट असेल तर त्याची भोकं वेगळी काढू नका, फ्लँजच्याच स्केचवरून घ्या.

प्रश्न आला होता, की नागदेवीच्या बाजारात जाऊन फ्लँज आणला तर हाच येतो का. मागितला तसा येतो. दुसऱ्या स्टँडर्डचा चार इंची, म्हणजे डीएन १००, पीएन १६, तो पण आठ भोकांचाच, पीसीडी मात्र १८०. बाहेरून जुळा भाऊ. दोन्ही बाजूची मोकळीक मिळून अडीच मिमी आणि त्रिज्येतला फरक सव्वापाच, जाणारच नाही. दुकानात पीसीडी थेट मोजायला जाऊ नका, शेजारच्या दोन भोकांचं सेंटर ते सेंटर मोजा:

```
C = PCD × sin(180°/n)
```

क्लास १५० ला ७२.९ येतं, पीएन १६ ला ६८.९. व्हर्निअरने सेंटर मोजायचं म्हणजे जवळच्या कडांमधलं अंतर घ्यायचं आणि एका भोकाचा व्यास मिळवायचा, बस.

आणि हां, शेवटचा प्रश्न, भोक लांबट करून बसवता येत नाही का. साइटवर ग्राइंडर हातात आला की सगळ्यांना हाच विचार येतो. नट २७ मिमीचा, भोक १९ चं, म्हणजे नटाला बसायला बाजूला चार-चार मिमीची कड आहे. ते तुम्ही सहा मिमी ओढलंत तर नट एका बाजूला हवेत. आणि माझे ३७ मिमी होते, तिथे तर पुढच्या भोकाच्या अर्ध्या वाटेपर्यंत कापत जावं लागलं असतं.

चहा आलाय वाटतं. ज्यांना फ्लँजची फाइल पाहिजे त्यांनी पेनड्राइव्ह आणा, पण लायब्ररीतली जुनी नाही देणार, ती मी डिलीट केलीय.