रात्री काही न खाता सकाळची शुगर वाढते? एकदा घोरणं ऐका

नमस्कार. आज मी तुम्हाला भांडूपच्या एका काकांबद्दल सांगणार आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, पण आकडे तसेच ठेवलेत.

काका 54 वर्षांचे. टाइप टू डायबेटिस होऊन नऊ वर्षं झालेली. ते माझ्याकडे आले तेव्हा एचबीए1सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, 8.6 होतं. मेटफॉर्मिन चालू होतं, दुसरी एक गोळी होती आणि रात्रीचं इन्शुलिन 10 युनिटवरून वाढत वाढत 22 युनिटवर गेलेलं. भात कमी केलेला, चहातली साखर कधीच बंद. त्यांनी एक वही आणली होती. तिच्यात झोपतानाची शुगर 140 च्या आसपास आणि सकाळी उपाशीपोटी 175, 180. मधल्या काळात पोटात घोटभर पाण्याशिवाय काही गेलेलं नाही.

मी पहिल्यांदा नेहमीचीच कारणं तपासली. पहाटे तीनला शुगर मोजायला सांगितली, कारण इन्शुलिन जास्त होऊन पहाटे शुगर खाली जात असेल तर डोस वाढवणं धोक्याचं ठरतं. तशी ती जात नव्हती. थकवा फार होता म्हणून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी12 तपासलं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी12 कमी होऊ शकतं, हे लक्षात असू द्या. त्यांचे तिन्ही रिपोर्ट ठीक निघाले.

मग मी विचारलं, रात्री लघवीला किती वेळा उठता? म्हणाले, "चार वेळा. शुगरच आहे ना डॉक्टर, होणारच."

इथे जरा थांबूया. शुगरमुळे लघवी वाढते ती साधारण रक्तातली शुगर 180 च्या वर गेल्यावर, कारण त्यानंतर ती लघवीतून बाहेर पडू लागते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. काका झोपताना 140 वर असायचे. लघवीतून साखर बाहेर काढणारी ग्लिफ्लोझिन गटातली गोळी त्यांना चालू नव्हती. प्रोस्टेटची सोनोग्राफीही नॉर्मल. मग चार वेळा कशासाठी?

उत्तर काकूंकडे होतं. त्या इतका वेळ गप्प बसल्या होत्या. मी घोरण्याचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घोरण्याची सवय झालीय हो मला. भिंतीपलीकडच्यांनाही झालीय. मला जाग येते ती आवाज बंद झाला की. मग मी हात लावून बघते, श्वास चाललाय ना."

त्यांनी मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून आणला. त्यात जोरात घोरणं ऐकू येतं, मग एकदम शांतता. छाती वरखाली होतेय, पण हवा आत जातच नाही. वीस-बावीस सेकंदांनी मोठा धाप लागल्यासारखा आवाज येतो, अंग हलतं आणि पुन्हा घोरणं सुरू. याला म्हणतात ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि मऊ टाळू मागे कलतात आणि श्वासाची वाट बंद होते.

आता शुगरचा संबंध. वाट बंद झाली की रक्तातला ऑक्सिजन खाली जातो. मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि माणूस क्षणभर अर्धवट जागा होतो. त्याला स्वतःला ते आठवत नाही. पण संकट आलंय असं समजून लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि शरीर इन्शुलिनला कमी दाद देऊ लागतं. हे तासाला तीस-चाळीस वेळा झालं तर काही न खाताही सकाळचा आकडा का चढतो, ते समजतं. लघवीचं कारणही तिथेच आहे. बंद वाटेतून श्वास ओढताना छातीत ताण येतो, हृदय ताणलं जातं आणि ते लघवी वाढवणारं हार्मोन सोडतं.

काका सकाळच्या लोकलमध्ये हँडल धरून उभ्या उभ्या झोपायचे. ग्रुपवाले हसायचे. मला मात्र काळजी वाटली, आणि गाडी, रिक्षा किंवा बस चालवणाऱ्यांची तर फारच वाटते. गाडी चालवताना डुलकी येत असेल तर ते डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा.

काकांची झोपेची तपासणी केली. तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा अडतो, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. 5 च्या आत असेल तर ठीक, 30 च्या वर गेला की आजार तीव्र. काकांचा 38 आला आणि ऑक्सिजन 76 टक्क्यांपर्यंत घसरला होता. काका तसे काही फार जाडे नाहीत. पण गळ्याचा घेर 42 सेंटीमीटर आणि हनुवटी थोडी मागे. त्यामुळे "मी कुठे लठ्ठ आहे" म्हणून हा विषय सोडून देऊ नका.

सीपॅप मशीन सुरू केलं. हे मशीन मास्कमधून दाबाने हवा देतं आणि घशाची वाट उघडी ठेवतं. दीड महिन्यात झोपाळूपणा बराच उतरला आणि लघवी एकदाच होऊ लागली. पण सकाळची शुगर? 158. काकू हिरमुसल्या. "एवढे पैसे घालून एवढंच?"

मशीनमधली नोंद उघडली. वापर सरासरी 3 तास 50 मिनिटं. अकराला मास्क लावायचे आणि तीनच्या सुमारास काढून टाकायचे. स्वप्नांची जी झोप असते, आरईएम, ती बहुतेक पहाटेच्या भागात येते. त्या वेळी स्नायू सगळ्यात सैल असतात, म्हणून श्वासही तेव्हाच जास्त अडतो. अभ्यासांमध्येही एचबीए1सीचा संबंध याच आरईएममधल्या अडथळ्यांशी जास्त दिसलेला आहे. म्हणजे संरक्षण नेमकं गरजेच्या वेळी निघून जात होतं.

तीनला मास्क का काढता? "घसा कोरडा ठाक पडतो." मशीनला पाण्याची छोटी टाकी असते, ह्युमिडिफायरची. ती रिकामी होती. मुंबईची हवा आधीच दमट, त्यात आणखी पाणी कशाला, असा काकांचा हिशोब. पण मशीनची हवा दाबाने येते आणि तोंड उघडं राहिलं तर घसा सुकतोच. नाकही चोंदलेलं होतं. टाकीत डिस्टिल्ड वॉटर, नाकाला स्प्रे आणि जरा वेगळा मास्क. वापर सहा तासांवर गेला.

तीन महिन्यांनी उपाशीपोटीची शुगर 130 च्या घरात आणि एचबीए1सी 7.6. पण हे सगळं श्रेय मी मशीनला देणार नाही. झोप सुधारल्यावर काका संध्याकाळी चालायला लागले, तीन किलो वजनही उतरलं. सीपॅपने एचबीए1सी उतरतं का, या चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत. काहींत थोडा फायदा दिसला, काहींत अजिबात नाही. बऱ्याच जणांचा वापर रात्री चार-पाच तासांचाच होता, हेही त्यामागचं एक कारण मानलं जातं. त्यामुळे मशीन आलं म्हणून गोळ्या बंद, असं कुणी करू नका.

तुम्हाला शंका असेल तर डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी न्या: झोपेतला दोन मिनिटांचा व्हिडिओ, आठवडाभराच्या झोपतानाच्या आणि सकाळच्या शुगरची नोंद, आणि बाजूला झोपणारं माणूस. दारू आणि मनाने घेतलेली झोपेची गोळी घसा आणखी सैल पाडतात, तेव्हा त्या दोन्ही घेत असाल तर तेही लपवू नका.

आणि मशीन नीट चालू झाल्यावर, विशेषतः इन्शुलिनवर असाल तर, पहाटेची शुगर अधूनमधून मोजा. काकांना एका पहाटे घाम फुटला. मोजली तर 66. काकूंनी तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली आणि सकाळी मला फोन केला. त्या दिवशी इन्शुलिन 22 वरून 18 युनिटवर आणलं.