शेवटचा खेळ, सातवं रीळ

(तालुक्याच्या वाचनालयातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘ऑपरेटरच्या गोष्टीचा शेवट कुठे करावा’ असा छापलाय. टाकीज उद्यापासून बंद होणार, आज शेवटचा खेळ, आणि वर केबिनमध्ये म्हातारा ऑपरेटर. ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांनी लिहिली आहे. खानदेशात ती लिहिली जाणारच. गावोगावच्या टाकीज बंद पडलेल्या आपण बघितल्यात. कपाशीचे पैसे हातात आले की बैलगाड्या सोडून नऊच्या खेळाला बसलेली माणसं आज या सभागृहातही असतील.

पण आधी माझी एक तक्रार ऐकून घ्या. एका कथास्पर्धेचा परीक्षक म्हणून मला या विषयावरच्या बऱ्याच कथा वाचायला मिळाल्या. जवळजवळ प्रत्येक कथेत म्हातारा मशीन चालू करतो, खाली येतो, रिकाम्या खुर्चीत बसतो आणि डोळ्यांत पाणी आणून अख्खा सिनेमा पाहतो. अहो, मग वर मशीनपाशी कोण आहे?

कार्बनच्या मशीनवर काम केलेला माणूस असं कधीच लिहिणार नाही. तिथे दिवा म्हणजे बल्ब नसतो. दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर धरतात, त्यांत डीसी करंट सोडतात, टोकाला टोक लावून किंचित मागे घेतात आणि मधल्या फटीत ज्योत पेटते. कांड्या जळून आखूड होत राहतात. पॉझिटिव्ह कांडी जास्त वेगाने जळते. त्या पुढे सरकवायला मोटर असली तरी तिच्या भरवशावर राहता येत नाही. फट वाढली की प्रकाश मंदावतो, डळमळतो. कांडीचं टोक आरशापासून असावं तिथून हललं की पडद्यावर पिवळट नाहीतर निळसर झाक येते. नायिकेचा पांढरा पदर कडेकडेने निळा दिसायला लागला की खालून पहिली शिट्टी. म्हणून लॅम्पहाऊसच्या बाजूला बारीक भोक असतं. त्यातून दोन्ही टोकांची सावलीसारखी प्रतिमा एका पुठ्ठ्यावर पडते, पुठ्ठ्यावर खुणेच्या रेघा असतात, आणि ऑपरेटरची नजर दर मिनिटा-दोन मिनिटांनी त्या रेघांवर जाते. ज्याने आयुष्यभर सिनेमा दाखवला त्याने पडद्यापेक्षा तो पुठ्ठाच जास्त पाहिलेला असतो. त्यात मे महिना. केबिनला जाड भिंती, दोन लॅम्पहाऊस, धूर ओढणारं धुराडं. जळगाव-भुसावळच्या माणसांना उकाडा काय ते मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट आगीची. पाच-सहा कथांमध्ये शेवटच्या रात्री फिल्म भडकते आणि टाकीज जळून जाते. भडकायची ती नायट्रेटची फिल्म, आणि तिचं उत्पादन 1950 च्या सुमारास थांबलं. नंतरची सेफ्टी फिल्म गेटमध्ये अडकून दिव्यासमोर थांबली तर भडकत नाही, वितळते. पडद्यावर मधोमध तपकिरी डाग उमटतो, फुगतो, फुटतो. ऑपरेटर झडप टाकतो, जळलेला तुकडा कापतो, जोड देतो, पाच मिनिटांत खेळ पुन्हा सुरू. तरुण लेखकांनी यावर नाराज होऊ नये. त्या कापलेल्या तुकड्यातच मोठी गोष्ट आहे, आणि माझी कथा तिथूनच सुरू होते. आता ती सांगतो.

तापीकाठचं एक तालुक्याचं गाव. ऑपरेटरला सगळे आप्पा म्हणतात. हाताखाली शकील, विशीचा पोरगा. टाकीज विकली गेली आहे, उद्या कुलूप. शेवटच्या दिवसासाठी मालकाने भुसावळहून जुन्या सिनेमाची पेटी मागवली आहे. भुसावळ का, हे नव्या पिढीला ठाऊक नसेल. सिनेमाच्या धंद्यात देशाचे इलाखे पाडलेले असतात. आपल्याकडे भुसावळ हे वितरणाचं मोठं ठाणं. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं मुख्य कार्यालयही तिथलंच. रेल्वेचं जंक्शन असल्यामुळे पेट्या तिथून चारी दिशांना जायच्या, या गावातून उतरून त्या गावाला.

पेटीत दोन-दोन हजार फुटांची सात रिळं. फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते, म्हणजे एक रीळ बावीस मिनिटांचं. केबिनमध्ये मशीन दोन. एकावरचं रीळ संपत आलं की दुसऱ्यावरचं सुरू करायचं आणि खाली बसलेल्याला पत्ता लागू द्यायचा नाही. याला चेंजओव्हर म्हणतात. त्यासाठी रिळाच्या शेवटी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो, चार फ्रेमपुरता, सेकंदाच्या सहाव्या भागाइतका. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. साधारण सात सेकंदांनी दुसरा ठिपका. त्याला इकडची झडप बंद, तिकडची उघडी, आवाजही तिकडे. दुसऱ्या मशीनवर आकड्यांची कोरी पट्टी अशी मोजून लावलेली असते की सात सेकंदांत ती पट्टी निघून जाते, मशीन वेग धरतं आणि झडप उघडताना चित्राची पहिली फ्रेम समोर येते. आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ठिपका त्यांना दिसत नाही. झरोक्याशी शकील उभा राहतो आणि म्हणतो, “ठिपका.” हात आप्पांचा.

दुपारच्या खेळाला पाचव्या रिळावर घात झाला. शकीलने बरोबर सांगितलं, आप्पांनी बरोबर ओढलं, आणि पडद्यावर चित्राऐवजी आकडे पळाले. जेमतेम अडीच-पावणेतीन सेकंद. पण खाली बाकं वाजली. शकीलला वाटलं आप्पांचा हात चुकला. आप्पांना वाटलं पोराची नजर चुकली. दोघंही गप्प.

खेळ सुटल्यावर आप्पांनी पाचवं रीळ रिवाइंडिंगच्या टेबलावर घेतलं. डाव्या हाताच्या दोन बोटांत फिल्मच्या कडा धरल्या आणि हळूहळू फिरवायला लागले. फाटलेलं भोक, सुटत आलेला जोड बोटांना डोळ्यांआधी कळतो. शेवटाजवळ बोट अडखळलं. दोन ठिपक्यांच्या मधोमध जोड. आधीच्या कुठल्यातरी गावात तिथे फिल्म तुटली होती आणि तिथल्या ऑपरेटरने तुकडा टाकून दिला होता. शिवाय पहिल्या ठिपक्याच्या आसपास खिळ्याने ओरखडलेल्या दोन फुल्या. ठिपका झिजला की ऑपरेटर आपली खूण करतात, आणि या फुल्या एकमेकींशी जुळत नव्हत्या.

आप्पांनी टेबलाच्या कडेला आखलेल्या फुटांवर फिल्म धरली. फुटाला सोळा फ्रेम, सेकंदाला चोवीस, म्हणजे सेकंदाला दीड फूट. सात सेकंदांचे साडेदहा फूट भरायला हवेत. भरले साडेसहा. चार फूट गेलेले, म्हणजे चौसष्ट फ्रेम, पावणेतीन सेकंदांना थोडे कमी. दुपारी जेवढा वेळ आकडे दिसले तेवढेच. चूक आप्पांच्या हाताची नव्हती, पोराच्या नजरेचीही नव्हती. माझ्या मते गोष्टीतला सगळ्यात मोठा आनंदाचा क्षण हाच, आणि तो मोजपट्टीवर येतो.

उपाय सोपा आहे. सहावं रीळ मशीनवर लावताना पट्टी चार फूट पुढे ओढून लावायची, म्हणजे चित्र झडपेच्या तेवढं जवळ येतं. मशीनला वेग धरायला सव्वाचार सेकंद मिळतात, तेवढे पुरतात. फार कमी केले तर आवाज सुरुवातीला रेकतो. आप्पा एवढ्यावर थांबले असते तरी रात्र निभावली असती. पण ते आधीचा जोड उकलून खरवडायला लागले, सिमेंट लावून नव्याने जोडायला लागले. शकील म्हणाला, “आप्पा, आते कसाले? सकाय ते टाकीज बंद शे.” आप्पा मान वर न करता म्हणाले, “टाकीज बंद व्हस, पेटी नही.”

रात्रीच्या खेळाला पाचवं रीळ आलं. “ठिपका.” मोटर. पोराने मनात सातपर्यंत मोजायची सवय लावून घेतली होती, ती मोडून त्याने डोळे कोपऱ्यावर रोवले. “ठिपका.” झडप. चित्रावर चित्र. खाली कोणाला काही कळलं नाही, आणि या कामात दाद ती हीच.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, वेळ संपली म्हणून. म्हणजे ज्या विषयासाठी बोलावलंत तो आता घाईने सांगावा लागणार. सांगतो.

बहुतेक लेखक पडद्यावर ‘समाप्त’ येतं तिथे थांबतात, किंवा म्हातारा दिवा मालवतो तिथे. तो शेवट प्रेक्षकाचा आहे. ऑपरेटरचं काम तेव्हा संपलेलं नसतं, कारण सातवं रीळ उलटं गुंडाळलेलं असतं. पहिली सहा रिळं खेळ चालू असतानाच रिवाइंड होतात, शेवटचं उरतं. ते न फिरवता पेटीत घातलं तर पुढच्या गावच्या ऑपरेटरला खेळाआधी ते उलटं सापडतं. म्हणून प्रेक्षक घरी गेल्यावरही केबिनमध्ये हँडल फिरत असतं. माझा आग्रह आहे की गोष्ट तिथपर्यंत न्यावी. बंद होते ती इमारत. धंद्यात प्रिंट पुढे जाते आणि तिच्याबरोबर प्रत्येक गावच्या ऑपरेटरने केलेले जोड, ओरखडे, फुल्या पुढे जातात. ज्यांची कधी भेट होणार नाही अशा माणसांचा हा व्यवहार आहे.

आता कोणी विचारेल, रडणं कुठे आहे? माझ्या कथेत आप्पा रडत नाहीत. ज्यांना रडवायचं आहे त्यांनी मालकाला रडवावं, त्याच्याकडे वेळ आहे. मालक वर येतो, आप्पांच्या हातात पाकीट ठेवतो, दोन शब्द बोलतो, हे मी चार ओळींत उरकलं आहे. डिजिटल आलं, पेट्या यायच्या बंद झाल्या, फुजीने 2013 मध्ये सिनेमाची फिल्म बनवणं सोडलं, हे सगळं खरं आहे. पण ते आप्पांच्या त्या रात्री नसतं. ते लेखकाला ठाऊक असतं, आणि त्याने ते आप्पांच्या तोंडी घालू नये.

शेवट मी असा केला आहे. आप्पा शकीलला कागद घ्यायला सांगतात, कारण स्वतःचं अक्षर त्यांना दिसत नाही. शकील लिहितो: ‘रीळ 5, शेवट. दोन ठिपक्यांत चार फूट कमी. रीळ 6 ची पट्टी चार फूट पुढे लावणे. खिळ्याच्या फुल्या धरू नये.’ खाली नाव लिहू का म्हणून तो विचारतो. आप्पा म्हणतात, गावाचं लिही. चिठ्ठी पाचव्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवतात, पेटीला कडी लावतात, आणि सकाळच्या एसटीला पेटी कोणी चढवायची यावर दोघांचं थोडं वाजतं. शकील म्हणतो मी नेतो, आप्पा म्हणतात पावती माझ्या नावावर आहे. कथा तिथे संपते. ज्यांना ती हस्तलिखितात वाचायची आहे त्यांच्यासाठी वाचनालयात प्रत ठेवली आहे. धन्यवाद.